स्प्रिंगला टांगलेला डबा अर्ध्या वाटेवर किती वेगात असतो?

अकरावीत आलेल्या मुलांना मी पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारतो. स्प्रिंगला डबा टांगलाय, तो ६ सेंटीमीटर खाली ओढून सोडला. मधल्या जागेवरून जाताना त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो, हे सगळ्यांना पटतं. मग ३ सेंटीमीटरवर, म्हणजे बरोबर अर्ध्या अंतरावर असताना वेग किती असेल? जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात सांगतो, "निम्मा, सर." उत्तर निम्मा नाही. सत्त्याऐंशी टक्के आहे. हे सत्त्याऐंशी टक्के कुठून आले ते घरच्या घरी काढून, मोबाइलवर पडताळून कसं बघायचं, ते पुढे लिहितोय. ११वी-१२वीची गणितं यातच बसतात, पण आधी हाताने करून बघा.

सुरुवात स्प्रिंगपासून. माझी मी इथे कोल्हापुरात, उद्यमनगरातून आणली. दुकानदाराने विचारलं, "कशाला पायजे?" म्हटलं, शिकवायला. "मग गाडीच्या स्टँडची घ्या की. जन्मात तुटायची न्हाई." तुटणार नाही हे खरं, पण चारशे ग्रॅम टांगले तर ती हलणारही नाही. आपल्याला मऊ टेन्शन स्प्रिंग हवी, दोन्ही टोकांना हूक असलेली. कॉम्प्रेशन स्प्रिंग, म्हणजे दाबायची, इथे उपयोगाची नाही. माझ्या स्प्रिंगची तार दीड मिलिमीटरच्या आतबाहेर आहे, वेटोळ्याचा व्यास ३ सेंटीमीटर, वजन ६० ग्रॅम. हे वजन लक्षात ठेवा, पुढे त्याने मला फसवलंय. दुकानातच एक चाचणी करा: अर्ध्या किलोचं काहीतरी टांगून काढून घ्या. स्प्रिंग पुन्हा पूर्वीइतकीच आखूड झाली तर घ्या. थोडी जरी लांब राहिली तरी ती तेवढ्या वजनाची नाही.

घरी झोपाळ्याची कडी असेल तर उत्तम. स्वयंपाकघरातला छोटा झाकणाचा डबा घ्या, त्यात वाळू गच्च भरा आणि किचनच्या काट्यावर वजन करा. पाणी नको, ते डबक्‌-डबक्‌ हलतं आणि हलण्यातच ऊर्जा खातं. अर्धवट भरलेली वाळूही तेच करते. वजन कमी हवं असेल तर लहान डबा घ्या, पण तो भरलेला असू द्या. डब्याच्या बाजूला, डब्याच्याच अंतरावर, एक उभी पट्टी पक्की बांधा आणि डब्याला चिकटपट्टीने एक काडी लावा. काडीचं टोक पट्टीवरून सरकलं पाहिजे.

आता स्प्रिंग किती कडक आहे ते मोजायचं. इथे पुस्तकातली रीत अशी: स्प्रिंगची मूळ लांबी घ्या, वजन टांगा, किती वाढली बघा, भागा. बाजारातल्या टेन्शन स्प्रिंगला ही रीत लागू पडत नाही. तिची वेटोळी वळतानाच एकमेकांवर घट्ट दाबून बसवलेली असतात. त्यामुळे पहिले पन्नास-साठ ग्रॅम टांगले तरी ती ढिम्म हलत नाही. तो दाब सुटला की मगच ती ताणायला लागते. म्हणून मूळ लांबी विसरा आणि फक्त फरक मोजा. माझ्या पट्टीवर २०० ग्रॅमला काडी ३१.० वर होती, ३०० ला ३४.९, ४०० ला ३८.९ आणि ५०० ला ४२.८ सेंटीमीटरवर. दर शंभर ग्रॅमला सारखीच वाढ येतेय, म्हणजे स्प्रिंग सरळ वागतेय. रॉबर्ट हुकने हीच गोष्ट १६७८ मध्ये जाहीर केली: जितकं ताणाल तितकं बळ. (त्याआधी दोन वर्षं त्याने ती अक्षरांची उलथापालथ करून कोडं म्हणून छापली होती, दुसऱ्या कुणी आपलं म्हणू नये म्हणून.)

३०० ग्रॅम जास्त टांगल्यावर वाढ ११.८ सेंटीमीटर, म्हणजे ०.११८ मीटर. ३०० ग्रॅमचं बळ ०.३ × ९.८ = २.९४ न्यूटन. भागाकार केला की स्प्रिंगचा स्थिरांक मिळतो:

k = २.९४ / ०.११८ ≈ २५ न्यूटन प्रति मीटर

म्हणजे ही स्प्रिंग एक मीटर ताणायला २५ न्यूटन लागतील. प्रत्यक्षात एक मीटर ताणू नका.

शून्य कुठे धरायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू. ४०० ग्रॅमचा डबा टांगून तो पूर्ण स्थिर होऊ द्या. काडी जिथे थांबेल तिथे, माझ्याकडे ३८.९ वर, पेन्सिलने रेघ मारा. ही शून्याची रेघ. इथून पुढे विस्थापन x म्हणजे या रेघेपासूनचं अंतर. स्प्रिंगच्या मूळ लांबीपासूनचं नाही.

विद्यार्थी इथे हमखास अडतो. स्प्रिंग आधीच ताणलेली आहे, तिच्यात आधीच ऊर्जा आहे, शिवाय डबा खाली गेला की गुरुत्वाकर्षणाची स्थितिज ऊर्जा कमी होते. मग नुसतं ½kx² धरून कसं चालेल? शंका रास्त आहे. आकडे टाकून बघू. हिशेब सोपा व्हावा म्हणून वेटोळ्यांचा तो सुरुवातीचा दाब नाही असं समजू. ४०० ग्रॅमने स्प्रिंग ३.९२ / २५ = ०.१५६८ मीटर ताणली जाते. आता डबा आणखी ३ सेंटीमीटर खाली ओढला, ताण झाला ०.१८६८ मीटर. स्प्रिंगमधली ऊर्जा वाढली:

½ × २५ × (०.१८६८² − ०.१५६८²) = ०.१२८९ ज्यूल

त्याच वेळी डबा ३ सेंटीमीटर खाली आल्याने गुरुत्वाची ऊर्जा कमी झाली:

०.४ × ९.८ × ०.०३ = ०.११७६ ज्यूल

वजाबाकी केली तर उरले ०.०११३ ज्यूल. आणि नुसतं ½ × २५ × ०.०३² केलं तर? ०.०११२५. तेच. समतोलाच्या जागी स्प्रिंगची ओढ आणि डब्याचं वजन एकमेकांना तोलून धरतात, म्हणून त्या जागेपासून मोजलं की दोघांचा वाढीव हिशेब आपोआप कटतो आणि फक्त ½kx² हातात राहतं. वेटोळ्यांचा सुरुवातीचा दाब धरला तरी हेच होतं. यापुढे "स्थितिज ऊर्जा" म्हणेन ती ही, स्प्रिंग आणि गुरुत्व दोघांची मिळून.

वेग काढायचा

डबा शून्याच्या रेघेपासून ६ सेंटीमीटर खाली ओढा आणि सोडा. झटका नको, ढकलायचं नाही, बोटं नुसती उघडायची. सोडण्याच्या क्षणी वेग शून्य आहे, म्हणजे गतिज ऊर्जा शून्य. सगळी ऊर्जा स्थितिज:

E = ½kA² = ½ × २५ × ०.०६² = ०.०४५ ज्यूल

A हा आयाम, इथे ०.०६ मीटर. ०.०४५ ज्यूल म्हणजे किती? तोच डबा सव्वा सेंटीमीटरही वर उचलता येणार नाही इतकी. कुणी घाईत सेंटीमीटरचे मीटर करायला विसरला तर त्याला ४५० ज्यूल मिळतात. एवढ्यात डबा ११५ मीटर वर जाईल. उत्तर आलं की असं एकदा डोळ्यांसमोर आणून बघत जा.

आता डबा वर येतोय. ३ सेंटीमीटरच्या खुणेवर आला तेव्हा स्थितिज ऊर्जा किती उरली ते वर काढलंच आहे: ०.०११२५ ज्यूल. विस्थापन निम्मं झालं, पण ऊर्जा वर्गाने चालते, म्हणून ती चौथाई झाली. बाकीची कुठे गेली? वेगात. एकूण ०.०४५ मधून ०.०११२५ वजा केले की गतिज ऊर्जा ०.०३३७५ ज्यूल, म्हणजे बारा आणे. आता

½mv² = ०.०३३७५
v² = २ × ०.०३३७५ / ०.४ = ०.१६९
v = ०.४१ मीटर प्रति सेकंद

शून्याच्या रेघेवर सगळीच ऊर्जा गतिज होते, तिथे वेग √(२ × ०.०४५ / ०.४) = ०.४७ मीटर प्रति सेकंद. ०.४१ ला ०.४७ ने भागा, आलेच ते सत्त्याऐंशी टक्के. डबा पहिल्या अर्ध्या वाटेतच जवळपास सगळा वेग घेऊन टाकतो, कारण तिथे स्प्रिंगची ओढ जोरात असते. रेघेजवळ ओढ मंदावते, वेग थोडाच वाढतो.

दरवेळी हा हिशेब पायरीपायरीने करायचा नसेल तर एकत्र असा लिहिता येतो:

v = √( k (A² − x²) / m )

मी मात्र सुरुवातीचे पंधरा दिवस हे सूत्र वापरूच देत नाही. ऊर्जेच्या वाटणीने उत्तर काढलं की चूक दिसते, सूत्रात ती लपते. सूत्रात x चा वर्ग आहे, म्हणून रेघेच्या ३ सेंटीमीटर खाली असो की ३ वर, वर जाताना असो की येताना, वेगाचा आकडा तोच. दिशा सूत्र सांगत नाही, ती तुम्ही बघायची.

दोन चुका नेहमीच्या. पहिली, शाळेतलं v² = u² + 2as वापरणं. सोडताना त्वरण २५ × ०.०६ / ०.४ = ३.७५ येतं, ते घेऊन ३ सेंटीमीटरसाठी वेग काढला तर ०.४७ येतो, म्हणजे अर्ध्या वाटेवरच मधल्या जागेचा वेग! हे सूत्र त्वरण कायम असेल तरच चालतं, आणि इथे ते डबा सरकेल तसं कमी होतं. गंमत म्हणून ६ आणि ३ सेंटीमीटरवरच्या त्वरणांची सरासरी, २.८१, घेऊन बघा. उत्तर बरोबर ०.४१ येईल. ओढ अंतराबरोबर सरळ रेषेत बदलते म्हणून हे जमतं. दुसरीकडे जमेलच असं नाही.

दुसरी चूक म्हणजे मूळ लांबीपासून मोजणं. कुणी A ला २१.७ आणि x ला १८.७ सेंटीमीटर धरलं तर वेग ०.८७ निघतो. मधल्या जागेवर ०.४७ च्या वर वेग जाऊच शकत नाही, तर बाजूला ०.८७ कुठून आला? म्हणून कुठल्याही गणितात आधी मधला, सर्वांत मोठा वेग काढून ठेवावा. त्याच्या वर गेलेलं उत्तर तपासत बसू नका, शून्य कुठे धरलंय ते बघा.

घड्याळ काय म्हणतं

हिशेब झाला. पण डबा तो ऐकतो का? वेग थेट मोजण्याआधी सोपी गोष्ट मोजू: दोलनकाल. k आणि m वरून तो २π√(m/k) = ०.७९५ सेकंद यायला हवा. वीस दोलनांना १५.९ सेकंद. एकच दोलन मोजलं तर स्टॉपवॉचवरच्या बोटाची चूक सगळं खाऊन टाकते, म्हणून वीस. डबा रेघेवरून एका दिशेने जाताना "शून्य" म्हणत घड्याळ सुरू करा; "एक" म्हणून सुरू केलंत तर एकोणीसच दोलनं मोजली जातील.

गेल्या वर्षी एक विद्यार्थी मोजत होता, १६.३ आले. "सर, माझं बोट मागं पडतंय." परत कर म्हटलं. १६.२. परत, १६.३. बोटाची चूक कधी जास्त, कधी कमी येईल. दरवेळी त्याच बाजूला नाही येणार. तेव्हा मीही जरा डोकं खाजवलं, कारण आदल्या वर्षी मीच त्या मुलांना "चालतंय, जवळ आहे" म्हणून सोडून दिलं होतं.

दोष स्प्रिंगच्या ६० ग्रॅमचा होता. डबा हलतो तेव्हा स्प्रिंगही हलते. खालचं वेटोळं डब्याच्या वेगाने, मधलं निम्म्या वेगाने, वरचं कडीपाशी स्थिर. त्या सगळ्या वेटोळ्यांची गतिज ऊर्जा एकत्र केली तर ती स्प्रिंगच्या एक तृतीयांश वजनाच्या डब्याइतकी भरते. म्हणजे हिशेबात ४०० नाही, ४०० + २० = ४२० ग्रॅम धरायचे. दोलनकाल मग ०.८१४ सेकंद, वीस दोलनांना १६.३. बोट बिचारं बरोबर होतं.

वेगही त्यामुळे बदलतो. स्थितिज ऊर्जेचा आकडा तोच, कारण k आणि A तेच. पण गतिज ऊर्जेतला थोडा वाटा स्प्रिंग स्वतः घेते. ३ सेंटीमीटरवर v = √(२ × ०.०३३७५ / ०.४२) = ०.४० मीटर प्रति सेकंद. परीक्षेत स्प्रिंग वजनरहित मानतात, तिथे ०.४१ लिहा. घरी ०.४० ची अपेक्षा ठेवा.

ज्यांना k आणि वजन दोन्हींवर भरवसा नाही त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. मोजलेला दोलनकाल T घ्या आणि

v = (२π / T) × √(A² − x²)

असं करा. १६.३ भागिले २० म्हणजे ०.८१५, वेग पुन्हा ०.४०. इथे स्प्रिंगचं वजन, काट्याची चूक, सगळं T मध्ये आधीच शिरलेलं असतं.

मोबाइलवर वेग मोजायचा

बहुतेक फोनमध्ये स्लो-मोशन असतं. माझा सेकंदाला २४० चित्रं घेतो. तुमचा १२० घेत असेल तरी चालेल, फक्त पुढे जिथे दोन चित्रं म्हटलंय तिथे एकच मोजा. फोन डब्याच्या उंचीवर, मीटरभर लांब, स्टुलावर टेकवून ठेवा. हातात धरू नका. डबा सोडा, दोन-तीन दोलनं जाऊ द्या, पण आयाम अजून ६ सेंटीमीटर आहे ना ते बघून घ्या. मग चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवत काडी ३ सेंटीमीटरच्या खुणेवर येते ते चित्र शोधा. त्याच्या दोन चित्रं आधी काडी कुठे होती आणि दोन चित्रं नंतर कुठे आहे, ते पट्टीवर वाचा. मध्ये चार चित्रांचा काळ गेला, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. ०.४० मीटर प्रति सेकंद वेगाने या वेळात काडी ६.७ मिलिमीटर सरकली पाहिजे. पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाचता येतं, म्हणून उत्तर ०.३७ ते ०.४३ मध्ये कुठेही आलं तरी तक्रार नको. पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या.

पट्टी डब्याच्या मागे भिंतीला लावली असेल तर आकडे फुगतील. पट्टी डब्यापासून ५ सेंटीमीटर मागे आणि फोन पट्टीपासून मीटरभर लांब असेल, तर काडीची हालचाल पट्टीवर पाच टक्के जास्त दिसते. म्हणूनच सुरुवातीला पट्टी डब्याच्याच अंतरावर बांधायला सांगितली.

आयाम हळूहळू कमी होतो. हवा, कडीचं घासणं, खुद्द तार, सगळे थोडी थोडी ऊर्जा घेतात आणि ती उष्णता होऊन जाते. आयाम ६ वरून ५ वर आला की ऊर्जा ३६ भागांतून २५ वर येते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश गेली. तेव्हा ज्या दोलनात वेग मोजताय त्याच दोलनातला A घ्यायचा, पहिल्यांदा ओढलेला नाही.

शेवटचा घोटाळा घरी बऱ्याचदा होतो. कडी उंच असते म्हणून कुणीतरी डबा स्प्रिंगला लांब दोरीने टांगतं. पहिली काही दोलनं छान वर-खाली, आणि मग डबा आपोआप झोपाळ्यासारखा आडवा झुलायला लागतो, वर-खाली होणं जवळजवळ थांबतं, थोड्या वेळाने परत वर-खाली. कुणी धक्का दिलेला नसतो. कडीपासून डब्यापर्यंतची लांबी अशी जमते की आडव्या झोक्याचा काळ वर-खाली होण्याच्या काळाच्या बरोबर दुप्पट येतो, आणि ऊर्जा इकडून तिकडे जायला वाट मिळते. या स्प्रिंगला ४०० ग्रॅमवर ती लांबी साधारण ६३ ते ६६ सेंटीमीटर. असं झालं की वरचा हिशेब लागू नाही, कारण आडव्या झोक्यातली ऊर्जा आपण धरलेलीच नाही. डबा स्प्रिंगच्या हुकालाच टांगा, दोरी काढा. माझी लांबी मग पस्तीस सेंटीमीटरच्या आसपास येते आणि डबा सरळ रेषेत वर-खाली होतो.

त्या मुलाने नंतर दोरी काढून चित्रफीत घेतली. सहा वाचनं: ६.५, ७.०, ६.५, ६.५, ७.०, आणि एक ९.०. नऊचं चित्र परत उघडून बघितलं तर तो दोनऐवजी तीन चित्रं पुढे गेला होता. ते खोडलं. उरलेल्या पाचांची सरासरी ६.७.